रोजच्या गोळीची स्थिर पातळी: गुणोत्तर श्रेढीची बेरीज, पायरीपायरीने

रोज एक गोळी घेतली की शरीरातलं औषध शेवटी कुठे जाऊन थांबतं, हा प्रश्न बी.फार्म.च्या पेपरात हमखास असतो आणि बी.एस्सी.च्या गणितातही डोकावतो. कोल्हापुरात या दोन्हीकडची मुलं माझ्याकडे येतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, a/(1 − r). तरीही उत्तरं चुकतात, कारण a म्हणजे नेमकं काय, r कोणत्या काळाचा आणि निघालेला आकडा कोणत्या क्षणाचा, हे ठरवायच्या आधीच सूत्रात आकडे टाकले जातात. या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो. औषध आहे डिगॉक्सिन. हृदयासाठी दिलं जाणारं हे जुनं औषध निवडायचं कारण म्हणजे त्याचं अर्धायुष्य गोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं आहे, त्यामुळे साठा होताना स्पष्ट दिसतो. शिवाय उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं असल्याने उत्तर चुकलं तर काय बिघडतं हेही कळतं.

आधीच सांगून ठेवतो. हे गणित समजून घेण्यासाठी आहे. घरात कुणाची ही गोळी चालू असेल तर या आकड्यांवरून डोस कमीजास्त करू नका, ते काम डॉक्टरांचं.

## तयारी: चार आकडे एका ओळीत

कागदावर सगळ्यात वर चार गोष्टी लिहा आणि प्रत्येकीसमोर एकक लिहा.

पहिली, गोळीतलं औषध: ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. दुसरी, त्यातला शरीरात शिरणारा भाग. डिगॉक्सिनच्या गोळीतलं साधारण ६० ते ८० टक्के औषध रक्तात पोचतं, आपण ७० टक्के धरू. तिसरी, दोन गोळ्यांमधलं अंतर: २४ तास. चौथी, अर्धायुष्य. किडनी चांगली असेल तर ते दीड ते दोन दिवस असतं, आपण ३६ तास घेऊ.

पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे a:

```
a = 250 × 0.70 = 175
```

एकक मायक्रोग्रॅम. पुढच्या सगळ्या हिशेबात १७५ वापरायचे, २५० नव्हे. इथे बरेच जण गोळीवर छापलेला आकडाच घेतात आणि उत्तर जवळजवळ दीडपट फुगतं.

तपासा: अंतर आणि अर्धायुष्य एकाच एककात आहेत ना? एक दिवसांत आणि दुसरं तासांत राहिलं की पुढचं सगळं वाया जातं. अशी वही तपासताना मी पुढे वाचतच नाही.

## पायरी १: क्षण ठरवा

रोज सकाळी आठला गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात "आज किती औषध आहे" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. गोळीच्या आधी एक आकडा असतो, गोळीनंतर दुसरा, आणि दिवसभर तो उतरत राहतो. म्हणून पहिल्यांदा लिहा: मी गोळी घेतल्या*नंतर*चा क्षण मोजतोय. या आकड्याला आपण माथा म्हणू. पुढच्या गोळीच्या *अगदी आधी*चा आकडा म्हणजे तळ.

a + ar + ar² + … ही बेरीज माथ्याची आहे. तळाची बेरीज ar पासून सुरू होते, तिच्यात a हे पद नसतं. पेपरात तळ विचारलेला असतो आणि मुलं माथा लिहून येतात, ती चूक इथली.

या हिशेबात आपण गोळी क्षणात शोषली जाते असं मानतोय. प्रत्यक्षात गोळी विरघळायला, रक्तात यायला आणि तिथून स्नायूंत पसरायला वेळ लागतो. त्यामुळे माथ्याचा आकडा हा गणितातला शरीरातला एकूण साठा आहे, रक्तात दिसणारी सर्वांत वरची पातळी नव्हे. तळाच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवता येतो, कारण तोवर ही धावपळ संपलेली असते.

## पायरी २: r काढा, आणि तो *उरलेला* भाग असू द्या

एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत शरीरात जेवढा भाग उरतो तो r. अर्धायुष्य ३६ तास आणि अंतर २४ तास असेल तर

```
r = 2^(-24/36) = 0.63
```

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. घातांकातलं ऋण चिन्ह सुटलं तर उत्तर १.५९ येतं. म्हणजे औषध दिवसागणिक आपोआप वाढतंय असा अर्थ झाला. r एकपेक्षा मोठा आला की थांबा.

दोन चुका मात्र इतक्या सहज पकडल्या जात नाहीत. एक म्हणजे गेलेला भाग ०.३७ हाच r म्हणून घेणं. दुसरी मला जास्त छळते, कारण ती शहाणपणाची वाटते: "३६ तासांत निम्मं जातं, मग २४ तासांत एक तृतीयांश जाणार, म्हणून r = ०.६६७." असं होत नाही. औषध ठरावीक मायक्रोग्रॅमने कमी होत नसतं, जेवढं शिल्लक आहे त्याच्या ठरावीक भागाने कमी होतं. सुरुवातीला साठा मोठा म्हणून जास्त जातं, पुढे कमी. दिवसभरात एक तृतीयांशापेक्षा थोडं अधिकच जातं.

तपासा: ७२ तास म्हणजे गोळ्यांची तीन अंतरं आणि दोन अर्धायुष्यं. दोन अर्धायुष्यांत चौथाई उरायला हवी. म्हणून r³ = ०.२५ आलं पाहिजे. ०.६३ चा घन ०.२५० येतो. ०.६६७ चा घन ०.२९६ येतो, म्हणजे तो r खोटा. अर्धायुष्य आणि अंतर यांचा असा सोयीचा गुणक शोधून हा ताळा कोणत्याही उदाहरणात घेता येतो.

## पायरी ३: पहिल्या काही गोळ्या हाताने चालवा

सूत्राला हात लावायच्या आधी चार-पाच ओळी स्वतः लिहा. नियम एकच: कालच्या माथ्याला ०.६३ ने गुणा, की आजचा तळ मिळतो. त्यात १७५ मिळवा, की आजचा माथा.

| गोळी | गोळीआधी (तळ) | गोळीनंतर (माथा) | माथ्यातली वाढ |
|---|---|---|---|
| १ | ० | १७५ | – |
| २ | ११० | २८५ | ११० |
| ३ | १८० | ३५५ | ६९ |
| ४ | २२३ | ३९८ | ४४ |
| ५ | २५१ | ४२६ | २८ |
| ६ | २६८ | ४४३ | १७ |

आकडे पूर्णांकात दाखवलेत म्हणून एखाददुसऱ्याचा फरक दिसेल. हिशेब करताना मात्र निदान दोन दशांश ठेवा.

शेवटचा स्तंभ नीट पाहा. वाढ दर वेळी आधीच्या वाढीच्या ०.६३ पट आहे. एवढ्यावरूनच कळतं की साठा अमर्याद वाढणार नाही. "रोज नवी गोळी पडते आणि जुनी कधी पूर्ण जात नाही, म्हणजे साठा वाढतच राहणार" ही शंका वर्गात दरवर्षी येते आणि ती रास्त आहे. तिचं उत्तर पिंपात मिळतं. बुडाशी भोक असलेल्या पिंपात रोज एक घागर ओतली तर पाणी जसं चढेल तशी गळतीही वाढते. दिवसाची गळती बरोबर एक घागर झाली की पाणी तिथेच राहतं. आपल्या उदाहरणात तो बिंदू म्हणजे दिवसाला १७५ मायक्रोग्रॅम जाणं.

एक्सेलमध्ये हेच करायचं असेल तर:

```
B1:  =2^(-24/36)
B2:  175
A5:  =B2
A6:  =A5*$B$1+$B$2
```

A6 खाली ओढत न्या. डॉलरची चिन्हं विसरलात तर B1 खाली घसरतो आणि तिसऱ्या ओळीपासून निरर्थक आकडे येतात.

## पायरी ४: बेरीज आणि तिची सीमा

n व्या गोळीनंतर शरीरात आजच्या गोळीचे a, कालच्या गोळीतले उरलेले ar, परवाच्या गोळीतले ar², असं पहिल्या गोळीतल्या ar^(n−1) पर्यंत सगळं असतं. बेरीज S म्हणा, तिला r ने गुणून मूळ बेरजेतून वजा करा. मधली सगळी पदं उडतात आणि पहिलं व शेवटचं राहतं:

```
S_n = a(1 − r^n) / (1 − r)
```

शेवटच्या पदाचा घातांक n − 1 आहे, पण बेरजेच्या सूत्रात n येतो. ही गफलत टाळायची असेल तर n = 1 ठेवून बघा, उत्तर a यायला हवं. n − 1 घातला असेल तर शून्य येईल.

r एकपेक्षा लहान असल्याने r^n शून्याकडे जातो, आणि सीमा मिळते:

```
L = a / (1 − r) = 175 / 0.37 = 473
```

म्हणजे स्थिर माथा ४७३ मायक्रोग्रॅम. तळ हवा असेल तर त्याला r ने गुणा: ४७३ × ०.६३ = २९८.

तपासा: माथ्यातून तळ वजा केला की एका गोळीचं औषध यायलाच हवं. ४७३ − २९८ = १७५. जुळलं. हा ताळा दहा सेकंदांत होतो आणि जवळपास सगळ्या आकडेमोडीच्या चुका पकडतो. पकडत नाही ती फक्त r चीच चूक, तिच्यासाठी पायरी २ मधला घनाचा ताळा आहे.

r फार आखडू नका. ०.६३ ऐवजी ०.६ धरलात तर सीमा ४३७ वर येते, कारण छेदात 1 − r आहे. r जितका एकच्या जवळ, तितकी ही चूक मोठी होते.

## पायरी ५: साठ्यावरून रक्तातल्या पातळीकडे

लॅबचा रिपोर्ट शरीरातला एकूण साठा सांगत नाही, तो मिलिलिटरमागे किती नॅनोग्रॅम ते सांगतो. मधला दुवा म्हणजे वितरण-आकारमान. डिगॉक्सिन स्नायूंत जाऊन बसतं म्हणून हा आकडा मोठा असतो, किलोमागे सुमारे ७ लिटर. ६० किलोच्या माणसाला ४२० लिटर. माणसात ४२० लिटर कुठे मावतात असं विचारू नका. ते खरं आकारमान नाही, रक्तातली पातळी आणि एकूण साठा यांना जोडणारा गुणक आहे.

तळ: २९८ ÷ ४२० = ०.७१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच ०.७१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत साधारण ०.५ ते ०.९ ही पातळी इष्ट धरतात आणि २ च्या वर विषबाधेची भीती ठळक असते. आपला आकडा योग्य पट्ट्यात बसला.

सावधान: रक्त कधी काढलं हे विचारल्याशिवाय रिपोर्टची तुलना करू नका. गोळीनंतर निदान ६ ते ८ तास जायला हवेत, तोवर औषध रक्तातून स्नायूंत गेलेलं नसतं आणि पातळी खोटी चढलेली दिसते. गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीने तपासणीला येणारे काका सहाला गोळी घेऊन निघतात आणि नऊला कोल्हापुरात रक्त देतात. तीनच तास झालेले असतात. त्यांचा रिपोर्ट आपल्या तळाशी जुळणार नाही आणि गणित चुकलं असं वाटेल. गोळी सोबत आणून रक्त दिल्यावर घेतली, तर तो खरा तळ मिळतो. पण तसं करायचं की नाही हे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

## पायरी ६: सीमेपर्यंत पोचायला किती दिवस

सीमा म्हटली की अनंत गोळ्या, आणि तेवढ्या कुणीच घेत नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: सीमेपासून अजून किती दूर आहोत? सीमेतून S_n वजा केलं की उरतं

```
L − S_n = L · r^n
```

या लेखातलं एकच समीकरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अंतर दर गोळीला r ने गुणलं जातं, बाकी काही होत नाही. पाचव्या गोळीनंतर r⁵ म्हणजे ०.०९९, म्हणजे सुमारे ९० टक्के मजल झाली. आठव्या गोळीनंतर अडीच टक्के बाकी. "पाच अर्धायुष्यं झाली की स्थिर" हा डॉक्टरांचा ठोकताळाही यातूनच येतो: निम्म्याचा पाचवा घात म्हणजे सुमारे ३ टक्के बाकी. आपल्या उदाहरणात पाच अर्धायुष्यं म्हणजे साडेसात दिवस.

या समीकरणात अंतराचं सीमेशी असलेलं प्रमाण फक्त r वर अवलंबून आहे, a वर नाही. डोस दुप्पट केल्याने स्थिर पातळी लवकर येत नाही. दुप्पट डोसने दुसऱ्याच गोळीला माथा ५७० होतो, म्हणजे आपल्या ४७३ च्या पलीकडे. पण तिथे तो थांबत नाही, ९४६ कडे चालू लागतो आणि त्यालाही तेवढेच दिवस लागतात. "लवकर पोचला" असं वाटतं ते जुन्या मुक्कामाला. नवा मुक्काम अजून दूर असतो.

## पायरी ७: किडनी थकली की दोन्ही आकडे हलतात

डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी जवळजवळ बंद पडली तर अर्धायुष्य साडेतीन ते पाच दिवसांवर जातं. ४ दिवस धरू. गोळी तीच, रोज एक.

```
r = 2^(-1/4) = 0.841
L = 175 / (1 − 0.8409) = 1100
```

माथा ४७३ वरून ११००, तळ २९८ वरून ९२५. वितरण-आकारमान तेवढंच धरलं तरी तळाची पातळी २.२ नॅनोग्रॅमवर जाते. प्रत्यक्षात किडनीच्या आजारात ते आकारमानही आक्रसतं, म्हणजे पातळी आणखी वर.

अर्धायुष्य ३६ तासांवरून ९६ तासांवर गेलं, म्हणजे २.६७ पट झालं. माथा मात्र २.३ पटच झाला. मुलं इथे गोंधळतात. अर्धायुष्याच्या नेमक्या प्रमाणात बदलते ती दिवसभराची सरासरी. माथ्यात आजची ताजी गोळी मिसळलेली असते आणि तिला किडनीशी देणंघेणं नसतं.

मला या पायरीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेळ. पाचव्या गोळीनंतर या रुग्णाच्या शरीरात ६३७ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे सीमेच्या ५८ टक्के. त्या सुमारास रिपोर्ट आला तर तो चढा दिसेल, पण फार भीतीदायक वाटेलच असं नाही. आणि "पाच दिवस झाले, आता पातळी स्थिर झाली" असं चांगल्या किडनीच्या हिशेबाने कुणी म्हटलं, तर पुढचे दोन आठवडे ती चढत राहिलेली कळणारच नाही. पाच अर्धायुष्यं म्हणजे इथे २० दिवस. भूक जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं, ठोके अनियमित होणं ही लक्षणं म्हणूनच गोळी सुरू केल्यावर बऱ्याच दिवसांनीही उमटू शकतात.

तपासा: r एकच्या जवळ सरकला की सीमाही वाढली पाहिजे आणि तिथे पोचायचे दिवसही. दोन्हींपैकी एकच वाढलं असेल तर कुठेतरी जुना r राहिलाय.

## पायरी ८: शनिवार-रविवार सुट्टी

आपल्याकडे डिगॉक्सिनची चिठ्ठी अनेकदा अशी असते: आठवड्यातून पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या मेडिकलमध्ये प्रशिक्षणाला बसलेल्या मुलांना ही चिठ्ठी ओळखीची आहे. वहीत मात्र तिचं गणित हमखास चुकतं, कारण ते "सात दिवसांत पाच गोळ्या, म्हणजे दर ३३.६ तासांनी एक" असं करून सूत्र लावतात. उत्तर ३६७ येतं. हा आकडा आठवड्यातल्या कुठल्याच गोळीचा नसतो.

अंतरं सारखी नसतील तर गोळी हे एकक सोडा आणि आठवडा हे एकक घ्या. दर आठवडा आधीच्या आठवड्यासारखाच आहे, म्हणून श्रेढी आठवड्यांची बांधता येते. शुक्रवारची गोळी घेतल्यानंतरचा क्षण पकडा. या आठवड्यातल्या पाच गोळ्यांतून त्या क्षणी उरलेलं औषध म्हणजे a + ar + ar² + ar³ + ar⁴. पायरी ३ च्या तक्त्यातला पाचवा माथा तोच आहे, ४२६. हे नवं a. मागच्या शुक्रवारपासून सात दिवस गेले, म्हणून नवं गुणोत्तर r⁷ = ०.०३९४.

```
शुक्रवारचा माथा = 426 / (1 − 0.0394) = 443.5
```

बाकीचे दिवस आता नुसत्या गुणाकाराने निघतात. शुक्रवार ते सोमवार तीन दिवस, म्हणून सोमवारी गोळीआधी ४४३.५ × ०.२५ = १११. गोळीनंतर २८६. मंगळवारी, बुधवारी पुन्हा चढण.

रक्तातल्या पातळीत हे मांडलं की गंमत दिसते. शनिवारी सकाळी, म्हणजे शुक्रवारच्या गोळीनंतर २४ तासांनी, साठा २७९ आणि पातळी ०.६७. सोमवारी सकाळी गोळीआधी १११ आणि पातळी ०.२६. माणूस तोच, गोळी तीच, कुठलीही गोळी चुकलेली नाही, तरी दोन रिपोर्टांत अडीचपट फरक. सोमवारचा रिपोर्ट पाहून डोस कमी पडतोय असं वाटू शकतं. म्हणून अशा रुग्णाच्या रिपोर्टवर वेळेसोबत वारही लिहिलेला हवा.

दर ३३.६ तासांचा तो हिशेब अगदीच टाकाऊ नाही. आठवड्याची सरासरी त्याने बरोबर निघते, रोजच्या गोळीच्या सरासरीच्या ५/७. चढउतार मात्र त्यात दिसत नाहीत, आणि पेपरातला प्रश्न बहुधा त्यांच्याबद्दलच असतो.

## पायरी ९: चुकलेली गोळी, पहिला मोठा डोस

पायरी ६ मधलं अंतराचं समीकरण हाताशी असेल तर या दोन्हींना नवं सूत्र लागत नाही.

स्थिर झालेल्या रुग्णाने एक गोळी चुकवली तर दुसऱ्या दिवशी गोळीआधी २९८ ऐवजी २९८ × ०.६३ = १८८ उरतात. गोळी घेतल्यावर ३६३. सीमेपासून अंतर ११०. ते पुढे ६९, ४४, २८, १७ असं आटतं. पायरी ३ च्या तक्त्यातला वाढीचा स्तंभ हाच होता, आणि तो योगायोग नाही. आठवड्याभरात चूक जवळपास पुसली जाते. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तर माथा ५३८ होतो, सीमेच्या वर. ज्या औषधात वरची जागा कमी आहे तिथे ही भरपाई महागात पडते.

पहिल्या दिवसापासून स्थिर पातळी हवी असेल तर सुरुवातीचं अंतर शून्य करायचं, म्हणजे पहिलाच डोस शरीरात ४७३ मायक्रोग्रॅम पोचेल इतका द्यायचा. ७० टक्के शोषण धरून तोंडाने सुमारे ६७६ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात तो एकदम देत नाहीत, ६ ते ८ तासांच्या अंतराने भागांत विभागून आणि मधे रुग्णाला तपासून देतात. मुलं लिहितात की मोठ्या पहिल्या डोसने स्थिर पातळी वाढते. वाढत नाही. पहिला डोस दुप्पट दिला तरी जास्तीचा भाग दर दिवशी ०.६३ ने आटत जातो आणि पातळी त्याच ४७३ वर येऊन बसते. सीमा रोजचा डोस आणि r ठरवतात, सुरुवात नाही.

## हे गणित कुठे लावू नये

सगळा डोलारा r स्थिर आहे यावर उभा आहे. साठा कितीही असो, दिवसात तेवढाच भाग जातो. फिटच्या आजारात दिलं जाणारं फेनिटॉइन हे मानत नाही. यकृतातली ते फोडणारी यंत्रणा नेहमीच्या डोसलाच भरत येते. मग डोस थोडा वाढवला तरी पातळी कितीतरी जास्त उडी मारते आणि स्थिर व्हायला लागणारे दिवसही वाढतात. दारूचंही तसंच: तासाला ठरावीक भागाऐवजी जवळपास ठरावीक मात्रा जाते.

तुमच्यासमोरचं औषध कोणत्या गटातलं हे आकड्यांवरून ओळखता येतं. रोज एकाच वेळी मोजलेल्या सलग चार तळांतल्या वाढी काढा आणि प्रत्येक वाढीला आधीच्या वाढीने भागा. आपल्या उदाहरणात ११० → १८० → २२३ → २५१, वाढी ७०, ४३, २८, आणि भागाकार दोन्ही वेळा ०.६३ च्या आसपास. मोजमापातल्या चुकीपुरता फरक चालेल. पण पातळी चढेल तसा हा भागाकारही ०.६३, ०.७, ०.८ असा एकाच दिशेने सरकत गेला, तर a/(1 − r) तिथेच खोडा. त्या औषधाला एक r नाही, प्रत्येक पातळीला वेगळा आहे.